रिकामा ट्रेलर

ऑक्टोबरातल्या लांब सुट्टीचा शनिवार होता आणि सकाळी आठ वाजताच पोर्ट गॉरिकच्या रँपवर, बोटी पाण्यात सोडायच्या सिमेंटच्या उतारावर, माशांच्या आतड्यांचा वास सुटला होता. कोणीतरी पहाटेच मासे साफ करून टेबल तसंच सोडून गेलं होतं. त्यावर दोन पेलिकन उभे होते आणि माश्या घोंगावत होत्या. ग्लेंडा पॅस्कोने नाकाला रुमाल लावला. या वासाची तिला चौतीस वर्षांची सवय होती, पण सवय झाली म्हणून काही किळस जात नाही.

चौतीस वर्षं ती इथे येत होती. बोट नवऱ्याची, रॉसची. उतारावर गाडी मागे घेऊन, गाडीला जोडलेला बोटीचा ट्रेलर पाण्यात नेण्याचं काम तिचं. बोट पाण्यात सुटली की रॉस मासे पकडायला निघून जायचा, आणि ग्लेंडा गाडी वर नेऊन लावायची, बाकावर बसायची, फोन आला की पुन्हा ट्रेलर खाली न्यायची. एवढ्या वर्षांत ती त्या बोटीत किती वेळा बसली असेल, तर बोटांवर मोजण्याइतकी. सुकाणू तर तिने कधी हातातही घेतलं नव्हतं.

आज बोट नवी होती. मुलाने, लॅकलनने, आणि त्याच्या बायकोने, टेगनने, मिळून घेतलेली. पाच मीटरची, अॅल्युमिनियमची. खरं तर ती टेगननेच शोधून काढली होती. टेगन दातांच्या दवाखान्यात काम करायची, बोलायला मऊ, पण तिला समुद्राचं वेड होतं. गेले दोन महिने ती फोनवर ग्लेंडाला एकेक प्रश्न विचारत होती. बूच कुठे असतं, पट्टे कधी सोडायचे, भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं. तिला बोट चालवायची होती. ते तिने लग्नाआधीच लॅकलनला सांगितलं होतं, आणि तो तेव्हा "हो, का नाही" म्हणाला होता.

"उतारावर जाऊन तयारी करत बसायचं नाही," ग्लेंडा टेगनला म्हणाली. "मागे लोक खोळंबतात. सगळं इथे वरच, सपाटीवर उरकून घ्यायचं. पहिलं काय?"

"बूच," टेगन म्हणाली. ती बोटीच्या मागे वाकली, आतलं पाणी काढायला तळाशी असलेल्या भोकात बूच बसवून घट्ट फिरवलं, आणि हाताने ओढून पाहिलं.

"हे विसरलीस तर बोट बुडते. आणि विसरतात. दर सुट्टीला एक तरी विसरतोच. पुढे?"

"मागचे पट्टे सोडायचे. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढायची, नाहीतर गरम दिवे थंड पाण्यात जाऊन फुटतात. इंजिन वर उचललेलं आहे ना ते बघायचं. बोटीच्या नाकाला दोर बांधायचा. सामान आत."

"आणि पुढची साखळी?"

"ती नाही. साखळी आणि विंचचा, त्या ओढायच्या चरखीचा, पट्टा पाण्याशी पोचेपर्यंत सोडायचा नाही. नाहीतर बोट घसरून सिमेंटवर."

ग्लेंडाला मनापासून बरं वाटलं. पोरीने सगळं पाठ केलं होतं, आणि नुसतं पाठ नव्हे, का करायचं तेही तिला ठाऊक होतं. एवढ्यात रॉस आला. त्याने बूच पुन्हा सोडलं, पुन्हा बसवलं, आणि पँटला हात पुसत म्हणाला, "बायकांच्या हातची बुचं मी कधी हिशेबात धरत नाही." लॅकलन हसला. तो बापासारखाच हसायचा, एका बाजूने. ग्लेंडाला ते हसू आज पहिल्यांदाच दिसल्यासारखं झालं.

गाडी टेगन चालवणार असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे रॉसने ठरवलं. "तिला सवय होऊ दे. पुढे तिलाच करायचंय." टेगनला वाटलं, शिकायला मिळतंय. ती आनंदाने बसली.

उतार दोन गाड्यांएवढा रुंद. एका कडेला तरंगता धक्का, दुसऱ्या कडेला दगड. वर, रेलिंगला टेकून, बर्फाच्या डब्यांवर बसलेले चार म्हातारे. यांच्या बोटी कधीच विकल्या गेल्या होत्या. हे आता फक्त बघायला यायचे. कोणाचा ट्रेलर वाकडा गेला की कोपराने एकमेकांना ढोसायचे. मदत कोणीच करायचा नाही. एवढ्या घाणेरड्या करमणुकीला लोक सुट्टीचा दिवस का देतात, हे ग्लेंडाला कधी कळलं नव्हतं.

टेगनने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि बाप-लेकांनी तोंडं उघडली.

"डावीकडे," रॉस ओरडला.

टेगनने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. ट्रेलर उजवीकडे निघाला.

"अगं, डावीकडे म्हटलं ना. डावं कुठलं कळतं का?"

"टेगन, बाबा काय सांगतायत ते ऐक," धक्क्यावरून लॅकलन. "सरळ कर. सरळ. अरे देवा, सरळ म्हणजे काय तेही सांगू का?"

ग्लेंडाला यातली गोम ठाऊक होती. रॉसचं "डावीकडे" कधी ट्रेलरसाठी असायचं, कधी स्टिअरिंगसाठी. त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. ट्रेलर डावीकडे हवा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि हे तो कधी नीट सांगायचा नाही. चौतीस वर्षांत ग्लेंडा एवढंच शिकली होती की त्याचं तोंड ऐकायचंच नाही, त्याचा कुठला खांदा वर जातो तेवढं बघायचं. नवऱ्याचा खांदा वाचत आयुष्य काढलं. याला लोक सुखी संसार म्हणत होते.

तिसऱ्या वेळी ट्रेलर गाडीशी काटकोनात येऊन अडला. मागे चार गाड्या खोळंबल्या. एकाने हॉर्न दिला. वरचा एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघेही खो खो हसले.

"उतर," लॅकलन म्हणाला. तो धक्क्यावरून धावत आला होता, कान लाल झालेले. "उतर, उतर. सगळे बघतायत. आई, तू घे."

टेगन उतरली. दार तिने तसंच उघडं ठेवलं. ग्लेंडा गाडीत बसली, पुढे घेतली, सरळ केली, आणि एका दमात ट्रेलर पाण्यात नेऊन ठेवला. ट्रेलरची चाकं बुडली, गाडीची मागची चाकं कोरडी. गिअर पार्कमध्ये टाकला आणि हँडब्रेक ओढला. लॅकलनने साखळी सोडली, विंचचा पट्टा सोडला, हलकाच धक्का दिला, आणि बोट दोराच्या टोकाशी डुलत पाण्यावर उतरली.

"बघ," रॉस टेगनला म्हणाला, "असं करायचं. तुझी सासू पण पहिली दोन वर्षं गाढव होती. मी तयार केली तिला."

ग्लेंडा आरशात बघत बसून राहिली. कौतुकच होतं ते, रॉसच्या हिशेबी. तिला वाटलं, तोंडात कोणीतरी घाण पाणी ओतलं आणि आपण ते सवयीने गिळलं.

बोटीत चार जणांची जागा होती, चार लाइफ जॅकेटं होती. पण रॉस आणि लॅकलन चढले आणि इंजिन सुरू झालं.

"मी?" टेगनने विचारलं.

"पहिल्यांदा बोट कशी चालते ते बघून घेतो आम्ही," लॅकलन म्हणाला. "मग तू. एकच्या आधी फोन करतो. ट्रेलर घेऊन खाली या, बरं का. ओहोटी आहे."

बोट निघून गेली. टेगन धक्क्यावर हातात मोकळं जॅकेट धरून उभी राहिली.

"मनावर घेऊ नकोस," ग्लेंडा म्हणाली. "रँपवर सगळेच पुरुष असे ओरडतात. पाण्यात गेले की विसरतात."

आणि बोलता बोलताच तिला शिसारी आली. स्वतःची. शब्दन् शब्द तिच्या सासूचा होता. बावीस-तेवीस वर्षांची ग्लेंडा याच धक्क्यावर उभी होती, सासूने पाठीवर हात ठेवून हेच सांगितलं होतं, आणि ग्लेंडाने ते मानलं होतं. सासू गेली तेव्हा तिला समुद्राचं काहीही येत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. सगळे असे नसतात. ते दोघे तसे आहेत. चल, गाडीत बस."

मागच्या खडीच्या मोकळ्या मैदानात कोणी नव्हतं. ग्लेंडाने कचऱ्याच्या दोन पिंपांमध्ये एका ट्रेलरएवढी जागा ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसली.

"हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. वर नाही, तळाशी. आता ट्रेलर जिकडे हवा तिकडे हात ने. बस्स. डावं-उजवं विसर."

टेगनने हात डावीकडे नेला. ट्रेलर डावीकडे वळला.

ती थांबली. ग्लेंडाकडे बघत म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच. आणि हळू. जितकं हळू जाशील तितकं थोडं फिरवावं लागतं. वाकडा गेला तर हट्ट करायचा नाही, पुढे घ्यायचा, सरळ करायचा, पुन्हा यायचं. त्यात लाज कसली? मोकळा ट्रेलर आरशात दिसत नाही धड, म्हणून तो भरलेल्यापेक्षा अवघड. तुला आधीच अवघड काम करायला लावतेय."

"मग रॉसने हे का नाही सांगितलं?"

"त्याला येत नाही."

टेगनला वाटलं गंमत करतेय. "म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. चौतीस वर्षांत त्याने एकदाही ट्रेलर मागे घेतलेला नाही. मी घेते, तो ओरडतो. लॅकलनला पण येत नाही. कोण शिकवणार त्याला?"

टेगनने हात पुन्हा स्टिअरिंगच्या तळाशी नेला. मग तिने गाडी पुन्हा पुढे घेतली. पिंप दोनदा पडलं, एकदा चेपलं. अकरा वाजेपर्यंत ती दहापैकी आठ वेळा बरोबर आत जात होती. दोघींनी गाडीतच चिप्स खाल्ल्या आणि ग्लेंडाने उरलेला भाग सांगितला. बोट परत घेताना ट्रेलर जास्त खोल न्यायचा नाही. चाकांवरचे पत्रे पाण्याबाहेर जेमतेम दिसायला हवेत. खोल गेला की बोट नुसती तरंगते, ट्रेलरच्या रूळांवर बसत नाही, वाऱ्याने मागची बाजू भरकटते. बोटीचं नाक मध्ये आलं की विंचने ओढून ट्रेलरच्या पुढच्या रबराला टेकवायची, लगेच साखळी लावायची, इंजिन उचलायचं, मग वर. वर आल्यावर बूच काढायचं. आणि ओहोटी खूप खाली गेली असेल तर ट्रेलर न्यायचाच नाही, कारण उताराचं खालचं टोक शेवाळाने हिरवं असतं, गाडीच पाण्यात घसरत जाते.

"आज कधीपर्यंत पाणी आहे?"

"सव्वा वाजेपर्यंत ठीक. मग पाचनंतर." ग्लेंडाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोन पाऊण वाजता आला. वारा वाढला होता आणि सगळ्यांच्याच बोटी एकदम परतल्या होत्या. टेगन गाडीत बसली, रांगेत लागली, नंबर आला तशी तिने गाडी उतारासमोर सरळ केली. तळाशी हात. ग्लेंडा बाहेर उभी राहून काचेतून बघत होती.

"टेगन, तू नको," धक्क्यावरून लॅकलन ओरडला, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "तू उतर. आईला घेऊ दे. उगाच तमाशा नको."

टेगन थांबली. म्हाताऱ्यांनी डब्यांवरून माना पुढे काढल्या. ती उतरली आणि किल्ली घेऊन ग्लेंडापाशी आली. तिने ती पुढे केली नाही, नुसती हातात धरून उभी राहिली.

"मी नाही घेणार," ग्लेंडा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "लॅकलन, बोट तुझी ना? तू घे."

"आई, लोक थांबलेत."

"थांबू देत. घे ना. सोपं आहे, सकाळपासून तूच सांगतोयस."

चारचौघांत मागे हटायला जागा राहिली नव्हती. लॅकलन आला, टेगनच्या हातून किल्ली ओढून घेतली आणि बसला. रॉस बोट दोराने धरून धक्क्यावर उभा होता. ट्रेलर जेमतेम दोन मीटर मागे आला आणि वाकडा झाला.

"उजवीकडे," रॉस ओरडला. "अरे उजवीकडे. कुठे बघतोस? मूर्खा, दुसरं उजवं."

लॅकलनने पुढे घेतली. पुन्हा मागे. पुन्हा वाकडी.

"तुझ्या आईला जमतं, तुला जमत नाही? बायकोच्या वरताण आहेस तू. पुढे घे. पुढे. देवा, कसला नग जन्माला घातलाय."

म्हातारे आता उघड हसत होते. चौथ्या प्रयत्नात ट्रेलर कसाबसा तिरका पाण्यात गेला, आणि घाईत फार खोल गेला. रॉसने बोट आणली, ती रूळांवर बसेना, वाऱ्याने मागची बाजू दगडांकडे वळली, आणि नव्याकोऱ्या अॅल्युमिनियमवर ट्रेलरच्या खांबाने लांबलचक ओरखडा काढला. तो आवाज दातांतून गेला. रॉसने बोट पुन्हा मागे ढकलली आणि मुलाला जे शब्द वापरले, ते ग्लेंडाला सगळे ओळखीचे होते.

लॅकलन ट्रेलर ओढत वर आला आणि गाडीतून उतरला. घामाने शर्ट चिकटलेला, डोळ्यांत पाणी. ग्लेंडा एक पाऊल त्याच्याकडे गेली. शेवटी पोर तिचं होतं. आत्ता तरी कळलं असेल याला, तिला वाटलं. आत्ता हा बायकोकडे वळून माफी मागेल.

तो बायकोकडे वळला.

"पाच तास काय करत होतीस तू इथे?" तो ओरडला. "चिप्स खात? शिकून ठेवता आलं नाही? ही वेळ तुझ्यामुळे आली माझ्यावर. तुला काही म्हणजे काही जमत नाही."

चाल तीच, चढउतार तेच. शेवटचा शब्द दाबून म्हणायची तऱ्हाही बापाचीच. ग्लेंडाला उमाळा आला, पण मायेचा नव्हे. हे मी वाढवलंय, तिच्या मनात आलं. ओरडणारा एकटा रॉस होता, पण दर वेळी खाली मान घालून गाडी मागे घेणारी आणि मागच्या सीटवरच्या या पोराला "बाबा तसेच आहेत" म्हणून सांगणारी मी होते.

"लॅकलन," ती म्हणाली. "तुझी मला किळस येतेय आत्ता. माझा मुलगा आहेस तरी."

 आईने त्याला असलं काही कधी ऐकवलं नव्हतं.

टेगनने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.  गाडीत बसली, पुढे नेऊन सरळ केली, हात तळाशी धरला आणि मागे निघाली. इतकी हळू की हॉर्न वाजवणाऱ्यानेही हात आवरला. ट्रेलर दोरी ताणावी तसा सरळ खाली गेला. चाकं बुडली, पत्रे पाण्याबाहेर चार बोटं दिसत राहिले, आणि ती थांबली. ब्रेक.  रेलिंगजवळच्या एका म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली.

रॉस गुडघाभर पाण्यात दोर धरून उभा होता. पाणी आता उताराच्या हिरव्या भागाला लागलं होतं. त्याने ट्रेलरकडे पाहिलं, आणि क्षणभर ग्लेंडाला वाटलं, आता तरी हा माणूस बरं बोलेल.

"हां," तो म्हणाला. "आता एक फूट मागे. अगं मागे. एक फूट मागे म्हटलं ना, कान आहेत का भोकं?"

टेगनने ब्रेक सोडला आणि गाडी पुढे घेतली.

ट्रेलर पाणी निथळत, रिकामा, खडखडत उतारावरून वर आला. लॅकलन बाजूला झाला, त्याला वाटलं ती पुन्हा सरळ करतेय. गाडी ग्लेंडापाशी येऊन थांबली आणि टेगनने आतून दार उघडलं.

"येतेस?"

ग्लेंडा बसली. तिने सीटबेल्ट लावला. वरच्या सपाटीवर टेगन थांबली, खाली उतरून तिने दिव्यांची वायर जोडली, विंचचा लोंबणारा पट्टा गुंडाळून अडकवला, साखळी वर बांधली, मागे जाऊन दिवे लागतात का पाहिलं. एकही गोष्ट सोडली नाही. रॉस खालून हाका मारत होता. लॅकलन अर्ध्या उतारापर्यंत धावत आला आणि तिथेच उभा राहिला, कारण रॉसला वाऱ्यात बोट एकट्याने सांभाळता येत नव्हती, आणि रांगेतला पुढचा माणूस धक्का मोकळा करा म्हणून ओरडायला लागला होता.

"पाचपर्यंत काय करतील ते?" गाडी सुरू करत टेगनने विचारलं.

"बाहेर जाऊन नांगर टाकावा लागेल. धक्क्यालाही पाणी राहणार नाही थोड्या वेळाने. बोट सोडून येता येणार नाही कोणाला."

"सँडविच माझ्या पिशवीत आहेत. मागच्या सीटवर."

"माहीत आहे," ग्लेंडा म्हणाली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. ग्लेंडाने बाजूच्या आरशात पाहिलं. पाण्यात उभा असलेला रॉस तोंड उघडत होता, मिटत होता, हात हलवत होता. चौतीस वर्षं तिने या माणसाला आरशातच पाहिलं होतं, आणि दर वेळी तो मोठा होत आला होता, कारण गाडी त्याच्याकडे मागे जात असायची. आज तो लहान होत होता. तिला वाटलं होतं आनंद होईल. आनंद नव्हता. इतकं सोपं होतं हे, नुसती गाडी पुढे घ्यायची होती, आणि तिने ते कधी केलं नव्हतं, याचीच किळस तिला बराच वेळ येत राहिली.